मी वाचलो की मी वाचलं?

सोमवारी सकाळी शिकवणीला आलेल्या मँचेस्टरच्या मुलाने खुर्चीत टेकता टेकता जाहीर केलं, "ताई, शनिवारी मी वाचलो. खूप वाचलो." स्वयंपाकघरातून आई हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली. "अगं बाई! कशातून वाचलास रे? अपघात झाला की काय?" तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. शनिवारची दुपारभर त्याने एक मराठी पुस्तक वाचलं होतं, बाकी काही नाही.

मोठ्या वयात मराठी शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांना मी बरीच वर्षं शिकवते आहे. लिपी त्यांना महिन्याभरात जमते. 'ळ' आणि 'ण' तोंडात बसायला वेळ लागतो, पण बसतात. भूतकाळापाशी मात्र सगळे अडखळतात, आणि तेही 'मी गेलो, मी आलो' इथे नाही. 'खाल्लं, वाचलं, केलं' इथे. म्हणजे जिथे क्रियापदाला कर्म लागतं, तिथे.

आपल्याला यात काही अवघड असतं हेच आधी पटत नाही. चार वर्षांचं पोरही 'मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला' असं न चुकता बोलतं. पण इंग्रजीतून येणाऱ्या माणसाच्या जागी घटकाभर बसून बघा. त्याच्या भाषेत भूतकाळाचं क्रियापद जवळजवळ मुकं आहे. मी खाल्लं, तिने खाल्लं, त्यांनी खाल्लं, सगळ्यांना एकच 'एट'. कोणी खाल्लं आणि काय खाल्लं याच्याशी त्या रूपाला देणंघेणं नाही. पोळीला लिंग असतं ही गोष्टच त्याला नवी. आणि ते लिंग वाक्याच्या शेवटी क्रियापदावर उमटतं, हे तर त्याच्या स्वप्नातही नसतं.

त्यात आपण शिक्षक मंडळी त्याला आधी भलत्याच रस्त्याला लावतो. पहिले तीन महिने वर्तमानकाळ शिकवतो: पुरुषाने 'मी पोळी खातो' म्हणायचं, बाईने 'मी पोळी खाते' म्हणायचं. म्हणजे तोंड उघडण्याआधी स्वतःकडे बघ. मग भूतकाळ सुरू करतो तो सोप्या क्रियापदांनी: मी उठलो, मी गेले, ती आली. इथेही नियम तोच, करणाऱ्याकडे बघ. ही सवय अंगात मुरली की एक दिवस आपण सांगतो, "आता पोळीकडे बघ." मँचेस्टरवाल्याने 'मी वाचलो' म्हटलं ते निष्काळजीपणाने नव्हे. मीच शिकवलेला नियम त्याने प्रामाणिकपणे पुढे नेला होता. मराठीत 'वाचणे' म्हणजे बचावणेही असतं, ही त्यावरची गंमत. असाच घोटाळा 'भाजणे'चा. वांगं भाजणारा माणूस 'मी भाजलो' म्हणाला की ऐकणारा मलम शोधायला धावतो.

मुळात हे असं का, याचं उत्तर शाळेतल्या संस्कृतात आहे. 'मया कथा पठिता', 'बालकेन फलं खादितम्' ही वाक्यं अनेकांनी घोकलेली असतील. कथा स्त्रीलिंगी म्हणून पठिता, फळ नपुंसकलिंगी म्हणून खादितम्. करणारा तृतीया विभक्तीत बाजूला उभा, आणि पठिता-खादितम् हे धड क्रियापदही नाही. ते विशेषणासारखं कर्माच्या गळ्यात पडलेलं रूप. प्राकृतातून येता येता याच रूपाला 'ल' चिकटला आणि आपलं खाल्ला-खाल्ली-खाल्लं तयार झालं. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं 'श्रीचावुंडराजें करवियलें' हे वाक्य आपण मराठीचा आद्य शिलालेख म्हणून शाळेत पाठ केलं. ते नेमकं याच घडणीचं आहे. 'चावुंडराजें' म्हणजे चावुंडराजाने, आणि 'करवियलें' राजाच्या मागे गेलेलं नाही. राजा असला तरी क्रियापद त्याचं ऐकत नाही, हे शिकणाऱ्यांना सांगितलं की त्यांना जरा बरं वाटतं.

आता यातली खरी मेख. 'रामाने, तिने, मुलांनी' या शब्दांना निदान 'ने'ची शेपटी आहे. ती दिसली की शिकणारा सावध होऊ शकतो. पण माणूस सगळ्यात जास्त बोलतो ते स्वतःबद्दल आणि समोरच्याबद्दल, आणि तिथेच ही शेपटी गायब आहे. 'मी जातो' मधला मी आणि 'मी पोळी खाल्ली' मधला मी दिसायला हुबेहूब सारखे. हिंदी शिकणाऱ्याला 'मैं' आणि 'मैंने' असा फरक कानावर पडतो, मराठीत काही खूण नाही. जुन्या मराठीत होती: म्यां केलें, त्वां केलें. खेड्यापाड्यांत अजून 'म्या केलं' ऐकू येतं. प्रमाण बोलीने ती खूण पुसली आणि नियम मात्र ठेवला. ओहायोहून आलेल्या एका संशोधक बाईंना मी सुरुवातीला सरळ 'म्यां' म्हणायला लावलं. चार दिवस त्या माझ्याकडे संतासारख्या बोलत होत्या. पाचव्या दिवशी अनुस्वार सोडून 'मी'वर आल्या तेव्हा क्रियापद जागेवर राहिलं. हा उपाय सगळ्यांना चालत नाही. काहींना तो नाटकी वाटतो आणि ते भाजीवालीसमोरही 'म्यां' म्हणून बसतात.

'तू' आणि 'तुम्ही'चं प्रकरण आणखी वेगळं. 'तू चहा घेतलास?' 'तू कॉफी घेतलीस?' यात क्रियापद दोन धन्यांची चाकरी करतं: 'घेतला' आणि 'घेतली' हे चहा-कॉफीसाठी, शेवटचा 'स' तुझ्यासाठी. जुन्या व्याकरणांत याला कर्तृ-कर्म संकर प्रयोग म्हणतात. नवशिक्याला मी हे नाव सांगत नाही. 'स' आणि 'त' पहिल्या महिन्यात गाळले तरी चालतात, लोक समजून घेतात. 'तू कॉफी घेतला' मात्र कानाला खुपतं.

चुका कशा ओळखायच्या हे मला फार उशिरा कळलं. पुरुष विद्यार्थी चुकला की लगेच ऐकू येतं: 'मी पोळी खाल्लो', 'मी काम केलो'. 'लो' ठणकन वाजतो. बाई विद्यार्थी याच कारणाने चुकली तर ती म्हणते 'मी काम केले', 'मी पुस्तक वाचले', 'मी आंबे खाल्ले'. आणि ही सगळी वाक्यं बरोबर आहेत! छापील मराठीत नपुंसकलिंगी एकवचन 'केले' असंच लिहितात, आणि आंबे अनेकवचनी पुल्लिंगी म्हणून 'खाल्ले'. ओहायोच्या बाईंना मी दीड महिना शाबासकी देत होते. एके दिवशी त्या म्हणाल्या, "मी भाजी आणले, मग मी गोष्ट लिहिले," आणि माझ्या लक्षात आलं की त्या इतके दिवस पुस्तकाकडे बघतच नव्हत्या. 'मी गेले, मी आले' सारखंच त्या स्वतःकडे बघून 'वाचले' म्हणत होत्या. उत्तर बरोबर, रीत चूक. तेव्हापासून बाई शिकत असेल तर मी तिला मुद्दाम भाजी, गोष्ट, चूक, सही असे शब्द देते. तिथे लपायला जागा नसते.

दुसरी गल्लत शिक्षकाची. 'गोष्ट लिहिला' असं कोणी म्हटलं की आपण पुन्हा भूतकाळाचा तक्ता काढतो. पण त्याला नियम कळलेला असू शकतो, फक्त गोष्ट स्त्रीलिंगी आहे हे ठाऊक नसेल. तपासायला एक प्रश्न पुरतो: "चांगला गोष्ट की चांगली गोष्ट?" 'चांगला' असं उत्तर आलं तर दुखणं लिंगाचं. 'चांगली गोष्ट' म्हणून पुन्हा 'लिहिलो' आलं तर दुखणं प्रयोगाचं. दोन्हींची औषधं वेगळी.

तक्ता भरायला दिला तर माझे विद्यार्थी दहापैकी नऊ रिकाम्या जागा बरोबर भरतात आणि रिक्षात बसले की 'मी रिक्षा केलो' म्हणतात. कारण कागदावर कर्म समोर दिसत असतं. बोलताना तोंडातून आधी 'मी' निघतो आणि मन त्यालाच धरून क्रियापदापर्यंत चालत जातं. म्हणून माझा पहिला सराव वाक्य उलटं बांधण्याचा आहे. आधी नुसतं 'चिरली'. मग 'भाजी चिरली'. मग 'तिने भाजी चिरली', 'बाबांनी भाजी चिरली', 'मी भाजी चिरली', 'आम्ही भाजी चिरली'. पुढची माणसं बदलतात, मागची जोडी हलत नाही. मराठीत कर्म बहुधा क्रियापदाला खेटून बसतं, ही आपल्या बाजूची मोठी सोय आहे. ती वापरायची. 'चहा केला, फोन केला, चूक केली, सही केली, काम केलं, लग्न केलं' अशा जोड्याच पाठ करायच्या, सुटे शब्द नाहीत. दिवसाला सहा जोड्या, प्रत्येकीपुढे पाच माणसं, मोठ्याने. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिल्या आठवड्यात जोड्या अशा निवडते की नाम आणि क्रियापद एकमेकांशी यमक जुळवतील: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. कान काम करतो, डोक्याला त्रास नाही. अनेकवचनात 'आंबे खाल्ले' आणि 'पोळ्या खाल्ल्या' हेही यमकात बसतं. केळ्यांचं मात्र 'केळी खाल्ली' होतं आणि ते ऐकायला एका पोळीसारखं लागतं, त्यावर थोडा वेळ थांबावं लागतं. दुसऱ्या आठवड्यात यमक काढून घेते: भात, भाकर, घर, बस, तिकीट, फोटो. 'भात खाल्ला, भाकर खाल्ली' इथे शब्दाच्या शेवटावरून काहीच कळत नाही, जोडीच लक्षात ठेवावी लागते. इंग्रजी शब्दांनी फार आशेने बघतात बिचारे, पण तिथेही सुटका नाही: बस पकडली, फोटो काढला, बिल भरलं. "आमच्याच शब्दांना तुम्ही लिंग दिलंत!" अशी तक्रार मी दरवर्षी ऐकते.

दुसरा सराव 'रोज' आणि 'काल' यांचा. मी म्हणते, "रोज मी चहा घेते." त्याने म्हणायचं, "काल मी चहा घेतला." 'रोज ती पेपर वाचते' झालं की 'काल तिने पेपर वाचला'. 'रोज आजोबा औषध घेतात', 'काल आजोबांनी औषध घेतलं'. यात एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना क्रियापदाचा धनी बदलतो, आणि बदलण्याचा तो झटका जिभेला जाणवावा हाच हेतू. चार दिवसांनी मधेच तिसरी फेरी घालते: 'काल मी चहा घेत होतो.' इथे काळ भूतच, कर्म तेच, पण क्रियापद पुन्हा करणाऱ्याकडे! तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात येतं की हा सगळा खेळ भूतकाळाचा नसून क्रिया पुरी झाल्याचा आहे. घेत होतो, म्हणजे चहा अजून कपात आहे. घेतला, म्हणजे संपला.

यानंतर येतो 'ला'. कर्माला 'ला' लागला की क्रियापद कोणाचंच ऐकत नाही, सरळ नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं: मी मुलीला पाहिलं, त्याने मुलांना बोलावलं. व्याकरणात हा भावे प्रयोग. नियम सांगायला सोपा, पण 'ला' कधी लावायचा? माणसं आणि ओळखीची जनावरं कर्म झाली की सहसा 'ला' येतो, वस्तूंना सहसा येत नाही. मँचेस्टरवाल्याने ऑफिसात एकदा कमालीचं शुद्ध वाक्य टाकलं: "रविवारी मी एक मुलगी पाहिली." लिंग बरोबर, प्रयोग बरोबर. सहकाऱ्यांनी लगेच विचारलं, पसंत पडली का, कुठली आहे, काय करते? त्याने फक्त रस्त्यात ओळखीच्या एका मुलीला पाहिलं होतं. एका 'ला'ने त्याचं लग्न जुळता जुळता राहिलं.

बरेच शिक्षक हे सगळं इंग्रजीतल्या कर्मणी वाक्यासारखं समजावतात: माझ्याकडून पोळी खाल्ली गेली. मीही आधी तेच करत असे. पहिल्या तासाला मदत होते, दहाव्या तासाला नुकसान. कारण 'माझ्याकडून पोळी खाल्ली गेली' हे मराठीत वेगळं वाक्य आहे, त्यात चुकून खाल्ल्याची कबुली आहे. उपासाच्या दिवशी म्हणतात तसं. शिवाय 'रामाने आपली पोळी खाल्ली' यातला 'आपली' रामाकडेच जातो, आणि 'घरी येऊन रामाने पोळी खाल्ली' म्हटलं तर घरी आलेला रामच, पोळी नव्हे. म्हणजे वाक्याचा मालक रामच आहे, क्रियापदाने फक्त शेजारणीचे रंग घेतलेत.

उरतात ती हट्टी क्रियापदं. शिकणे, विसरणे, बोलणे, भेटणे, जेवणे, पिणे, नेसणे: यांना काही ना काही जोडून येतं, तरी भूतकाळात ती करणाऱ्याचीच राहतात. ती मराठी शिकली, तो खोटं बोलला, ती साडी नेसली. पण तीच बाई कुर्ता 'घातला' म्हणते! 'म्हणणे' तर दोन्ही घरचा पाहुणा: ती म्हणाली, पण तिने गाणं म्हटलं. कारण विचारू नका, यादीच पाठ करावी लागते. शंका आली तर वाक्यात 'ती' घालून बघायचं. जिथे मराठी कान 'तिने' मागत नाही, तिथे क्रियापद करणाऱ्याचं. अडचण एवढीच की शिकणाऱ्याकडे अजून मराठी कान नसतो, म्हणून ही चाचणी मी त्यांना घरमालकिणीवर करायला सांगते. 'जिंकणे'सारख्या काही शब्दांवर मराठी माणसांचंही एकमत नाही, 'मी सामना जिंकलो' आणि 'मी सामना जिंकला' दोन्ही चालतात. तिथे वाद घालत बसत नाही.

शेवटचा सराव माझा आवडता. अट अशी: काल दिवसभर काय केलं ते दहा वाक्यांत लिहायचं, पण लिहिणारा पुरुष आहे की बाई हे कळता कामा नये. 'गेलो', 'आले', 'बसलो' असं एक जरी रूप आलं की बाद. मग आपोआप सकर्मक क्रियापदं शोधावी लागतात, प्रत्येकाला कर्म द्यावं लागतं, कर्माचं लिंग बघावं लागतं, आणि हट्टी क्रियापदांपासून लांब राहावं लागतं.

ओहायोच्या बाईंनी लिहून आणलं: काल सकाळी मी चहा केला. पेपर वाचला. आईला फोन केला. डबा भरला. रिक्षा पकडली. ग्रंथालयात तीन पुस्तकं चाळली. दुपारी डबा खाल्ला. संध्याकाळी बस पकडली. आठ वाक्यं, एकही डाग नाही. नववं होतं, 'बसमध्ये छत्री विसरले.'

"सापडलात," मी म्हणाले.

त्यांनी वही पुढ्यात ओढली. छत्री स्त्रीलिंगी, तर 'छत्री विसरली' का नाही, यावर थोडा वाद घातला. मग यादी काढली, 'विसरणे' त्यात होतंच. पेन्सिल चावत मिनिटभर बसल्या, 'विसरले' खोडलं आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलं: 'छत्री बसमध्येच राहिली.'